मे महिन्यात नाशिक–भुसावळ इलेक्ट्रिक गाडीने: चार्जिंग कुठे मंदावतं आणि का

खान्देशात मे महिन्यात इलेक्ट्रिक गाडी न्यावी का, असं बरेच जण विचारतात. बिनधास्त न्या. गाडी कुठे बंद पडली नाही, गोगलगायीसारखी रांगलीही नाही. फक्त येताना दुपारचं फास्ट चार्जिंग इतकं रेंगाळलं की जाताना अन् येताना आपण एकच गाडी चालवतोय ना, असं वाटावं. हा वृत्तांत मुख्यतः त्या फरकाचा आहे.

आमच्या गाडीची बॅटरी साधारण ४० किलोवॉट-अवरची म्हणजे ४० युनिटची, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची आणि द्रवाने थंड होणारी आहे. एसी लावून हायवेला १०० किलोमीटरला १५ युनिट धरतो. सोबत ओबीडी डोंगल होता, म्हणजे गाडीच्या आतली माहिती मोबाइलवर दाखवणारं छोटं उपकरण. गाडीच्या पडद्यावर बॅटरीचं तापमान दिसत नाही, मोबाइलवर मात्र बॅटरीतल्या सेलचं कमाल तापमान आणि करंट दोन्ही दिसतात. खाली दिलेले आकडे तिथलेच आहेत.

जाताना पहाटे पाचला नाशिक सोडलं. चांदवड, मालेगाव करत आठ-सव्वाआठला धुळ्याला पोहोचलो तेव्हा ३७ टक्के शिल्लक होते आणि सेल ३५ अंशांवर. फास्ट चार्जरची गन लावल्या लावल्या १५० अँपिअर करंट मिळाला, म्हणजे ५० किलोवॉटच्या आसपास, तो ८० टक्क्यांपर्यंत हलला नाही. चहा-पोहे होईस्तोवर काम झालं. सेल ४२ पर्यंत चढले होते, पण तोवर आमचं भागलं होतं. पारोळा, एरंडोल, जळगाव करत दुपारच्या आत भुसावळला पोहोचलो, ३५ टक्के उरले होते.

मुक्कामाच्या घरी रात्री १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावायचा बेत होता. पोर्टेबल चार्जरचा लाल दिवा लागला: सॉकेटला अर्थिंग नाही. जुन्या घरांमध्ये हे सर्रास आढळतं. अर्थिंगशिवाय चार्ज करण्याचे जुगाड लोक सांगतात, ते करू नका. त्यामुळे परतताना सगळी भिस्त फास्ट चार्जरवर आली, आणि निघायला जेवणखाण होऊन बारा वाजले. ऊन असं की डांबरावरून वाफा निघाल्यासारखं दिसत होतं.

जळगावला २५ टक्क्यांवर गन लावली. बाहेर ४३ अंश, सेल आधीच ४१ अंश, कारण गाडी सकाळपासून उन्हात उभी होती. सुरुवात पुन्हा १५० अँपिअरनेच झाली. बाराएक मिनिटांत ५० टक्के झाले, सेल ४५ वर गेले आणि करंट एकदम १०० वर उतरला. आता ८० टक्क्यांनंतर वेग उतरतो, हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो उतार बॅटरी भरत आल्याचा असतो. ५० टक्क्यांवर उतार आला तर तो उष्णतेचा, असं समजायला हरकत नाही.

सेल इतके का तापले ते बघा. बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. आमच्या आकाराच्या बॅटरीत तो ०.१ ओहम धरू. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. १५० अँपिअरला ही उष्णता २,२५० वॉट होते, म्हणजे घरातल्या गिझरएवढी, आणि ती बॅटरीच्या पोटात. सेलचं वजन ३०० किलो धरलं तर एक अंश चढायला सुमारे ३ लाख जूल लागतात. बारा मिनिटांत हिशेबाने साडेपाच अंश चढायला हवेत, आमचे चार चढले. उरलेला दीड अंश कूलिंगने ओढला.

याच हिशेबात गाडी चालवणं बसवून पाहा. ताशी ९० च्या वेगाला बॅटरीतून चाळीसेक अँपिअर जातात, त्याची उष्णता १७० वॉटच्या आसपास. म्हणजे सपाट रस्त्यावर गाडी चालवल्याने बॅटरी फारशी तापत नाही, तापते ती फास्ट चार्जिंगने. 'चार्जरच्या आधी वीस किलोमीटर हळू चालवा, बॅटरी गार होईल' या सल्ल्याचा खान्देशात म्हणूनच फार उपयोग नाही. हळू चालवल्याने युनिट वाचतील, बॅटरी गार होणार नाही. बाहेरची हवाच ४३ अंशांची.

खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. बॅटरीभोवती फिरणारा कूलंट दोन ठिकाणी गार होऊ शकतो. एक रेडिएटर, पण तो कूलंटला बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. ४३ अंशांच्या हवेत त्याचा हात तिथेच टेकतो. दुसरा चिलर. त्यात एसीचा गॅस वापरून कूलंट गार होतो, म्हणून तो बाहेरच्या हवेच्या खालीही नेता येतो. मात्र चिलर आणि तुमच्या केबिनचा एसी यांचा काँप्रेसर एकच असतो. आम्ही जळगावला चार्जिंगच्या वेळी आत एसी फुल ठेवून बसलो होतो, म्हणजे बॅटरीच्या वाट्याचं गारपण आम्हीही खात होतो.

एरंडोलजवळ शेवभाजी खायला थांबलो. ढाब्याला सावली माणसांपुरतीच होती, गाडी उन्हात. आमची गाडी बंद केली की कूलिंगही बंद होतं, आणि चालताना ते फार उशिरा सुरू होतं. जळगावहून सोबत आलेली उष्णता त्यामुळे तशीच राहिली. धुळ्याला चारच्या सुमारास पोहोचलो तेव्हा सेल ४६, बॅटरी ४३ टक्के. गन लावली आणि पहिल्या मिनिटापासून ७० अँपिअर, म्हणजे जेमतेम २३ किलोवॉट! चार्जर तोच, जाताना सकाळी ५० देणारा. शेजारच्या टपरीवरच्या काकांनी विचारलंच, "भाऊ, गाडीले बी ऊन लागस का?" लागतंच की.

तिथे मग सगळ्यांनी खाली उतरायचं ठरवलं. केबिनचा एसी बंद केला, काचा वर, आम्ही टपरीच्या सावलीत. पुढच्या बाजूचा पंखा मोठ्याने घोंघावत होता. पंधरा-वीस मिनिटांत सेल ४६ वरून ४३ वर आले आणि करंट ७० वरून ९५ वर गेला. हे असंच व्हायला हवं होतं: ७० अँपिअरला आत जेमतेम ४९० वॉट उष्णता तयार होते आणि मोकळा झालेला चिलर त्याहून जास्त बाहेर काढतो. ८२ टक्क्यांना गन काढली, कारण पुढे नाशिकपर्यंत एकूण चढ आहे. धुळे ते नाशिक १६० किलोमीटरला २४ आणि चढाचे दोन, असे २६ युनिट धरले होते, तेवढेच लागले.

या मार्गाने जाणाऱ्यांनी पहिलं फास्ट चार्जिंग सकाळी नऊच्या आत उरकावं. दुपारी त्याच दिवशी दुसरं करायची वेळ शक्यतो येऊ देऊ नये, कारण पहिल्याची उष्णता दुसऱ्याच्या वेळी आतच असते. त्यावर उत्तम उपाय म्हणजे मुक्कामी रात्रभर साध्या सॉकेटवर संथ चार्जिंग. ३.३ किलोवॉटला बॅटरीत दहाएक अँपिअर जातात आणि उष्णता होते १० वॉट. आठ तासांत २६ युनिट, म्हणजे आम्ही भुसावळहून जवळपास पूर्ण बॅटरी घेऊन निघालो असतो आणि जळगावला थांबावंच लागलं नसतं. हॉटेल बुक करताना नुसतं "चार्जिंग आहे का" विचारू नका, पार्किंगजवळ अर्थिंगसह १५ अँपिअरचं सॉकेट आहे का ते विचारा.

दुपारी थांबावंच लागलं आणि समोर ६० किलोवॉटची गन अडलेली, ३० किलोवॉटची मोकळी असेल, तर रांगेत उभं राहू नका. ३० किलोवॉटला ९० अँपिअर, उष्णता ८०० वॉटच्या आसपास. करंट साठ टक्के, पण उष्णता जवळपास तिसऱ्या हिश्शाएवढी. तापलेली बॅटरी मोठ्या गनवरही तेवढंच घेणार असते.

आपली गाडी अडलीय की चार्जर, हे ओळखायला डोंगल हवाच असं नाही. गाडीचा पंखा जोरात चालू आहे आणि करंट कमी, तर बहुधा बॅटरी तापलीय. पंखा शांत आणि तरी करंट कमी, तर संशय चार्जरवर घ्यावा: दोन गाड्यांत वीज वाटली जात असेल, किंवा उन्हातल्या चार्जरच्या खोक्यातले मॉड्यूल तापले असतील, किंवा त्याच्या जाळ्यांत धूळ बसली असेल. गनमध्येही तापमानाचा सेन्सर असतो. वजनाने लोंबकळून ढिली बसलेली गन तापते आणि करंट उतरतो. केबलला आधार द्या, गन नीट आत बसवा. गनवर ओलं फडकं टाकायची पद्धत काही ठिकाणी पाहिली, ती टाळा.

तुमच्या गाडीचे उंबरठे आमच्याइतकेच असतील असं नाही. ४५ च्या आसपास करंट कमी करणं आणि ५५–६० जवळ चार्जिंग थांबवणं हे साधारण चित्र. ज्या गाड्यांची बॅटरी नुसत्या हवेने गार होते, त्यांनी दुपारचं दुसरं फास्ट चार्जिंग डोक्यातून काढूनच टाकावं.

मंद चार्जिंगला इशारा समजू नका, ती बॅटरीची स्वतःची काळजी आहे. कासवाचं चिन्ह आलं तर ताकद मर्यादित केलीय एवढाच अर्थ: वेग कमी करा, एसी कमी करा, सावलीत थांबा. पण बॅटरीच्या कूलिंगचा संदेश सकाळच्या गारव्यातही येत असेल, तर दोष उन्हाचा नाही. कूलंट कमी झाला असेल, पंप गेला असेल किंवा एसीचा पुढचा कंडेन्सर धुळीने बुजला असेल. एप्रिलमध्येच कूलंटची पातळी आणि कंडेन्सर दाखवून घ्या. स्वतः नळाचं पाणी ओतू नका, काही गाड्यांत वीज कमी वाहून नेणारा खास कूलंट असतो. आणि लाल अक्षरांत गाडी थांबवून बाहेर पडायला सांगितलं, किंवा गाडीखालून धूर, फुसफुस, गोडसर-उग्र वास आला, तर सामानासाठी परत वळू नका. सगळ्यांना लांब न्या आणि ११२ ला फोन लावताना गाडी इलेक्ट्रिक आहे हे आधी सांगा.