मुंबईच्या पावसाळ्यात तेरड्याचे हर्बेरियम शीट

दुसऱ्या वर्षाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाने एका रानवनस्पतीचे हर्बेरियम शीट, म्हणजे दाबून वाळवलेला नमुना चिकटवलेला कागद, तयार करायचे होते. मी तेरडा घेतला, तेव्हा मॅडमनी एवढेच विचारले की, "ऑगस्टमध्ये, आणि तोही तेरडा?" प्रश्न रास्त होता. तेरड्याचे खोड पाण्याने भरलेले असते, फुले अतिशय नाजूक असतात आणि मुंबईच्या पावसाळी हवेत वर्तमानपत्रसुद्धा सर्द होते.

राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय झाडे आणता येत नाहीत, म्हणून गोरेगाव पूर्वेला आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेतले फूल आणि शेंग दोन्ही असलेले रोप मुळासकट उपटले. पाऊस थांबून पानांवरचे पाणी सुकल्यानंतरच ते काढले, कारण ओले रोप प्रेसमध्ये, म्हणजे नमुना कागदांत दाबून वाळवण्याच्या साधनात, घातले की पाने काळी पडतात. रोपाची उंची, जागा आणि फुलांचा गुलाबी रंग तिथेच वहीत टिपून ठेवला. सुकल्यावर हा रंग उरत नाही, त्यामुळे तो नंतर नमुन्याकडे पाहून लिहिता येत नाही.

तेरड्यासारखी रसाळ वनस्पती प्रेसमध्ये घातल्यावरही काही काळ जिवंत राहते आणि या काळात पाने देठापासून सुटू लागतात. त्यावर उपाय म्हणून फुले बाहेर ठेवून खोड आणि पाने काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवली आणि लगेच टिपून घेतली. यामुळे पेशी मरतात आणि पाणीही लवकर बाहेर पडते. जाड खोड मागच्या बाजूने ब्लेडने उभे चिरून आतला गर काढून टाकला. रोप कागदापेक्षा लांब होते, म्हणून ते इंग्रजी 'व्ही'च्या आकारात दुमडले आणि पानांच्या दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून एक-दोन पाने उलटी ठेवली. काही फुले वेगळी काढून बटर पेपरच्या घडीत आडवी मांडली, कारण तेरड्याची ओळख पटवणारी मागची बारीक शेपटी, म्हणजे स्पर, बाजूनेच नीट दिसते. वर्तमानपत्राला थेट चिकटलेली पाकळी पुन्हा अखंड निघत नाही.

खरी कसोटी वाळवण्याची होती. नमुना ज्या घडीत ठेवला ती घडी उघडायची नाही, तिच्या बाहेरचे कागद तेवढे बदलायचे, हा नियम मी कसोशीने पाळला. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ आणि नंतर दिवसातून एकदा कागद बदलले. बदलीचे कागद आधी इस्त्रीने कोरडे करून घ्यावे लागत, नाहीतर ओला कागद काढून दमट कागद घातल्यासारखेच होते. पुरवण्यांचा चकचकीत कागद ओलावा शोषत नाही, त्यामुळे तो वापरला नाही. घड्यांमध्ये नालीदार पुठ्ठे घालून प्रेस पंख्यासमोर उभा केला, म्हणजे पुठ्ठ्याच्या पोकळ्यांतून हवा खेळत राहते. काही जण नमुन्यावरच इस्त्री फिरवतात, पण त्याने पाने करपून ठिसूळ होतात. नमुना वाळला की नाही हे पाहण्यासाठी तो गालाला लावावा. गार लागला तर आत पाणी आहे. देठ धरून उचलल्यावर पाने लोंबली, तरीही तो तयार नाही. कापसासारखे पांढरे तंतू दिसले तर बुरशी लागली असे समजावे.

चिकटवण्यासाठी ४२ × २८ सेंटीमीटरचा जाड कागद घेतला. पाने पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवली आणि खोड पांढऱ्या दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी टाचून गाठी मागे घेतल्या. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून सुटते, त्यामुळे तिचा उपयोग नाही. वाळताना गळलेली पाने, बिया आणि जादा फुले कागदाच्या पाकिटात घालून ते पाकीट शीटवर लावले. गळलेले पान अंदाजाने खोडाला जोडून दाखवणे मला पटत नाही, कारण शीट पाहणाऱ्याला पानांची रचना चुकीची कळते.

उजव्या कोपऱ्यात खाली लेबल लावले. त्यावर बाल्समिनेसी हे कुळ, इम्पेशन्स बाल्समिना हे शास्त्रीय नाव, त्यापुढे हे नाव देणाऱ्या लिनिअसच्या नावाचे संक्षिप्त रूप, स्थानिक नाव, ठिकाण, अधिवास, तारीख, संग्राहकाचे नाव आणि वहीतला क्रमांक लिहिला. 'मुंबई' एवढेच ठिकाण लिहून भागत नाही. ते रोप नेमके कुठल्या मातीत, उन्हात की सावलीत होते, हे लेबलावरूनच कळते.

किडीसाठी पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड वापरत असत. ते अतिशय विषारी असल्याने आम्ही शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवले. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली तर गार कागदावर पाणी साचते, म्हणून शीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडली आणि मग ते प्रयोगशाळेत जमा केले.