दोन हजारच्या नोटा आणि रिझर्व्ह बँकेची डावी बाजू

मे २०२३ चा शेवटचा आठवडा. १९ मेला दोन हजारच्या नोटा चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली होती आणि २३ तारखेपासून रत्नागिरीतल्या आमच्या शाखेत रांगा लागल्या होत्या. आमच्या शाखेत करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा साठवायची तिजोरी, आहे आणि तिच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे असते.

त्या दिवशी आधी आले एक आंबा बागायतदार. हापूसचा हंगाम संपत आलेला, वाशीच्या व्यापाऱ्याने हिशोब दोन हजारच्या नोटांत चुकता केलेला. पाचशे नोटा, म्हणजे दहा लाख. त्यांनी ते सगळे खात्यात भरले आणि निघून गेले. पाठोपाठ मिरकरवाड्याचे एक नौकामालक आले, त्यांच्याकडेही नेमके दहा लाख आणि तेही दोन हजारच्याच नोटांत. पण १ जूनपासून मासेमारी बंद होणार, खलाशी गावी निघालेले, त्यांचे पैसे हातात द्यायचे. त्यामुळे त्यांनी दहा लाख खात्यात भरले आणि तेवढेच पाचशेच्या नोटांत लगेच काढून घेतले.

संध्याकाळी नोटा मोजून, बंडलं बिनमध्ये ठेवून मी रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर प्रणालीवर दिवसाचा व्यवहार भरत होते. शेजारी बसलेल्या प्रोबेशनरी अधिकारी मुलीने विचारलं, "मॅडम, एवढ्या नोटा परत आल्या, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद आकसला का?"

आकसला नाही. चेस्ट आमच्या इमारतीत असली तरी तिच्यातली रोकड रिझर्व्ह बँकेची असते. चलनात असलेली नोट हे रिझर्व्ह बँकेचं देणं, आणि तिच्या ताळेबंदात देणी डावीकडे, मालमत्ता उजवीकडे. ती चेस्टमध्ये शिरली की त्या देण्यातून वजा होते आणि आमच्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या चालू खात्यात तेवढीच रक्कम जमा होते. ती शिल्लकही रिझर्व्ह बँकेचं देणंच. म्हणजे बागायतदारांच्या व्यवहारात नोटा दहा लाखांनी घटल्या, बँकांच्या ठेवी दहा लाखांनी वाढल्या आणि डाव्या बाजूची बेरीज तशीच राहिली. उजवीकडचं सोनं, परकीय रोखे, सरकारी रोखे यांतलं काहीच हललं नाही. रिझर्व्ह बँकेने बाजारातून दहा लाखांचे सरकारी रोखे घेतले असते तर गोष्ट वेगळी होती: उजवीकडे रोखे वाढले असते, डावीकडे बँकांच्या ठेवी वाढल्या असत्या आणि ताळेबंद दोन्हीकडून फुगला असता.

नौकामालकांच्या व्यवहारात मात्र दोन हजारच्या नोटा आत आल्या आणि तितक्याच किमतीच्या पाचशेच्या बाहेर गेल्या. काउंटरवर दोघांच्या नोटा सारख्याच मोजल्या गेल्या, पण बँकांकडची तरलता, म्हणजे हाताशी असलेला मोकळा पैसा, फक्त पहिल्या व्यवहाराने वाढली.

देशभर बहुतेकांनी बागायतदारांसारखंच केलं. १९ मेला अशा ३.५६ लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या, ३१ जुलैपर्यंत त्यांतल्या ३.१४ लाख कोटींच्या परत आल्या आणि साधारण ८७ टक्के ठेवींच्या रूपात आल्या. रोखे न विकत घेताही बँकांच्या हाती मुबलक पैसा आला.

म्हणून १० ऑगस्टला वाढीव सीआरआर, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेत सक्तीने ठेवायचा ठेवींचा जादा हिस्सा, आला: १९ मे ते २८ जुलै या काळात ठेवींची देणी जेवढी वाढली, त्याच्या १० टक्के जास्तीचे राखून ठेवा. तीच मुलगी मला म्हणाली, "म्हणजे रिझर्व्ह बँकेने पैसे काढून घेतले." मी तिला पुन्हा त्या दहा लाखांवर आणलं. नेहमीच्या ४.५ टक्क्यांनी त्यातले ४५,००० आधीच अडकलेले होते. आता आणखी एक लाख अडकले आणि मोकळे राहिले ८,५५,०००. रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकात एक रुपयाही नाहीसा झाला नव्हता. बँका जो जास्तीचा पैसा रात्रीपुरता रिझर्व्ह बँकेच्याच स्थायी ठेव सुविधेत ६.२५ टक्क्यांनी ठेवत होत्या, त्यातला काही भाग बिनव्याजी खात्यात सरकला. हेही एका देण्यातून दुसऱ्या देण्यात जाणंच. मला हे उपाय म्हणून पटतं, कारण पैसा जसा अचानक आला तसाच तो थोड्या काळासाठी बांधून ठेवला. व्याजाचं नुकसान बँकांनी सोसलं, ते मात्र खरं.

हा बांध सणासुदीत टिकणारा नव्हता. गणपतीला चाकरमानी कोकणात उतरले की एटीएम रिकामी होतात, चेस्टमधून पाचशेच्या नोटा बाहेर जातात आणि बागायतदारांच्या व्यवहाराची नोंद उलटी फिरते: नोटा वाढतात, बँकांची शिल्लक घटते. त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. अडकवलेल्या रकमेतला पहिला पाव हिस्सा ९ सप्टेंबरला सुटला, दुसरा २३ ला आणि उरलेला अर्धा ७ ऑक्टोबरला.