मेथीसकट ठरलेला डोस

चिठ्ठी फक्त सीबीसीची होती. गावातल्या डॉक्टरांनी वर "अशक्तपणा" लिहिलं होतं. श्रावणातला बुधवार, सकाळचे साडेअकरा. नाशिकमध्ये रिपरिप चालू होती आणि लॅबमध्ये ओल्या छत्र्यांचं तळं साचलं होतं. दिंडोरी तालुक्यातून एसटीने आलेल्या मावशी खुर्चीत बसल्या, पदर सावरून हात पुढे केला. मी जांभळ्या टोपणाच्या व्हायलमध्ये दोन मिली रक्त घेतलं, कापूस ठेवला आणि म्हटलं, "दाबून धरा मावशी, हात दुमडू नका."

चार-पाच पेशंट झाले. मान वर केली तर मावशी तिथेच, कापूस लालभडक. दुसरा कापूस दिला, मीच दाबून धरला. घड्याळ लावून सहा मिनिटं. उचलला तर सुईच्या जागेवर पुन्हा थेंब. तेव्हाच माझी नजर मनगटाच्या वर गेली. तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग होता.

"हे कुठे लागलं?"

"लागलं कुठं ताई, कॅरेट उचलताना टेकलं असेल. टोमॅटो चालू आहे ना."

टोमॅटोचं कॅरेट हाताला घासलं म्हणून असा डाग पडत नाही. मी विचारलं, रक्त पातळ व्हायची गोळी घेता का? मावशींनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पिवळी वही काढली. छातीत धातूची झडप. मायट्रल व्हॉल्व्ह मागच्या कार्तिकात बदलला होता. वॉरफरिन आठवड्यातून पाच दिवस ५ मिलिग्रॅम, गुरुवारी आणि रविवारी अडीच. पुढे महिनेवार आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला निरोगी माणसाच्या किती पट वेळ लागतो तो आकडा: २.८, ३.१, २.७, २.९. अशा झडपेला अडीच ते साडेतीन हवा असतो, म्हणजे प्रकरण छान बसलेलं. शेवटची नोंद जूनची. त्यानंतर दोन पानं कोरी.

"जुलैत नाही आलात?"

"लागवड होती, मग तोडे चालू झाले. आकडा तर बरोबरच यायचा दर वेळी."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही. पण वाक्य खोटंही नाही. आकडा बरोबर येत होता तो तोवरच्या परिस्थितीत. परिस्थिती काय बदलली ते विचारायचं राहून जातं, आणि खरं सांगायचं तर लॅबमध्ये आम्हीही विचारत नाही. रक्त घेतो, रिपोर्ट देतो.

चिठ्ठीवर आयएनआर नव्हता आणि आपल्या मनाने टेस्ट वाढवायची आमची पद्धत नाही. वहीवर त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर होता, फोन केला. सर म्हणाले, "लगेच करा, मी फोनजवळ आहे." दुसऱ्या हातात सुई घालायची माझी हिंमत होत नव्हती, पण इलाज नव्हता. बारीक सुई, एकदाच, आणि निळ्या टोपणाच्या व्हायलमध्ये रक्त बरोबर रेघेपर्यंत. त्या व्हायलमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटचा एक भाग असतो, त्याला रक्ताचे नऊ भाग लागतात. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटा वाढलेला येतो. त्यामुळे आकडा वेडावाकडा आला की मी आधी व्हायल बघते, मग पेशंट.

मशीनवर प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागलेला वेळ, आला ९० सेकंद. आमच्याकडे निरोगी माणसाचा सरासरी १२ असतो. नव्वद भागिले बारा, साडेसात. रिएजंटच्या खोक्यावर छापलेला आयएसआय, म्हणजे ते रिएजंट किती संवेदनशील आहे तो आकडा, १.०५; साडेसातचा तेवढा घात घेतला की आयएनआर ८.३. व्हायल रेघेपर्यंत भरलेली होती. काडी फिरवून पाहिलं, गुठळी नव्हती. मशीन तपासायला सकाळी लावलेले कंट्रोल बरोबर होते. त्याच सॅम्पलवर पुन्हा लावलं, ८.२.

सरांना आकडा सांगितला. त्यांचा पहिला प्रश्न, "डोकं दुखतंय का? शौचाला काळं होतंय का?" मावशींनी दोन्हीला नाही म्हटलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मिश्री लावताना हिरडीतून रक्त येतंय, तीन दिवस झाले."

सर म्हणाले, लगेच पाठवा. मुलगा बाजार समितीतून यायला पाऊण तास होता. तेवढ्या वेळात मी कापूस दाबत बसले आणि जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं.

तिसऱ्या सोमवारी मुलं ब्रह्मगिरीच्या फेरीला गेली होती, मावशी बसने त्र्यंबकच्या देवळापर्यंत. येताना बाहेर खाल्लं आणि बुधवारपासून जुलाब. गुरुवारी संध्याकाळी गावात गोळ्या मिळाल्या, सकाळ-संध्याकाळ पाच दिवस. रिकामी पट्टी पिशवीतच होती: ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल. जुलाब म्हटलं की आपल्याकडे सर्रास दिली जाणारी जोडगोळी. वॉरफरिनचं सांगितलं होतं का? "त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ती हार्टची गोळी, ही पोटाची."

ऑर्निडॅझोल ही मेट्रोनिडॅझोलच्याच घराण्यातली. या गोळ्या यकृतातलं वॉरफरिन निकालात काढण्याचं काम अडवतात. म्हणजे गोळी रोज तेवढीच, पण कालची नेहमीपेक्षा जास्त उरते, त्यावर आजची येऊन पडते आणि साठा चढत जातो. दुसरीकडे अँटिबायोटिक आतड्यातले जंतू मारतं, त्यातले काही आपल्याला व्हिटॅमिन के पुरवणारे असतात. त्यात जुलाबाने पोटात अन्न नाही. कोट्रायमोक्साझोल या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही असंच. उलट टीबीचं रिफाम्पिसिन आयएनआर खाली ओढतं. आमच्याकडे एक गृहस्थ यायचे, टीबीच्या कोर्समध्ये डोस वाढवत वाढवत नेला तरी दोनच्या वर जाईनात. त्यांच्या बाबतीत खरी काळजी रिफाम्पिसिन बंद झाल्यावरची होती, कारण तोच वाढवलेला डोस मग अंगावर येतो.

तरीही ८.३ मला एकट्या गोळ्यांचा वाटेना. म्हणून जेवणाचं विचारलं.

"श्रावण आहे ना ताई. श्रावणात आम्ही पालेभाजी शिवत नाही. सोमवार, शनिवार उपास."

"आणि एरवी?"

"एरवी रोज. घरची मेथी, कोथिंबीर. मेथी नसली तर शेपू, नाहीतर पालक."

मी वही पुन्हा उघडली. ऑपरेशन कार्तिकातलं. डोस बसवला तो पुढच्या दोन-तीन महिन्यांत, म्हणजे ऐन मेथीच्या दिवसांत, घरात रोज जुडी निवडली जात असताना. यकृत रक्त गोठवणारे काही घटक व्हिटॅमिन केच्या जोरावर बनवतं आणि वॉरफरिन तेच व्हिटॅमिन पुन्हा वापरात येऊ देत नाही. ताटात मेथी भरपूर, म्हणून तिला पुरून उरेल एवढी गोळी लागली. त्यांचा आठवड्याचा ३० मिलिग्रॅमचा डोस मेथीसकट ठरलेला होता. आणि हा गोळी सुरू झाल्यानंतरचा पहिला श्रावण. तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस ताटातून मेथी गेली, जागी साबुदाणा आणि भगर आली, ज्यात व्हिटॅमिन के नावापुरतं. गोळी मात्र तेवढीच. जुलैत तपासणी झाली नाही, ऑगस्टमध्ये झाली असती तर बहुधा चाराच्या आसपास काहीतरी दिसलं असतं आणि डोस थोडा कमी करून भागलं असतं. त्या चढत्या आकड्यावर ऑर्निडॅझोल पडलं.

मुलगा आला, घेऊन गेला. पुढचं मला सरांकडूनच कळलं. वॉरफरिन थांबवलं आणि व्हिटॅमिन के इंजेक्शनच्या अँप्यूलमधून १ मिलिग्रॅम मोजून तोंडाने दिलं. मी भाबडेपणाने विचारलं, पूर्ण अँप्यूल का नाही दिली? सर म्हणाले, "दहा दिलं तर आकडा आज खाली येईल, पण झडपेवर गुठळी धरली तर? आणि मग आठवडाभर वॉरफरिन लागूच पडायचं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ४.६, तिसऱ्या दिवशी ३.१. डोस जरा कमी करून, आठवड्याला साडेसत्तावीस, घरी सोडलं. जाताना वॉर्डातल्या कोणीतरी बजावलं, "आता पालेभाजी जन्मात खायची नाही."

मावशींनी ते श्रावण संपेपर्यंत पाळलं. मग ऋषिपंचमीची भाजी झाली, त्यात अळू, माठ, चवळी. गौरीच्या नैवेद्याला शेपू. घरात पाहुणे, भाजीची पातेलीच्या पातेली. गौरी गेल्यावर तपासणीला आल्या तेव्हा आयएनआर १.८. मला हा आकडा ८.३ पेक्षा जास्त घाबरवून गेला. वर गेलेला आकडा निदान हिरडीतून बोलतो, खाली गेलेला काहीच बोलत नाही. मावशींच्या नवऱ्याला रात्री शांततेत झडपेची टिकटिक ऐकू येते, म्हणून मी त्यांना फोन करून विचारलं, "आवाज तसाच आहे ना? बारीक, दबका झालाय का?" तसाच होता. दम लागत नव्हता, हातपाय, बोलणं ठीक होतं. सरांनी त्याच दिवशी बोलावून घेतलं.

त्या दिवशी सरांनी मावशींना जे सांगितलं ते मी माझ्या टेबलावर चिकटवून ठेवलंय. मेथी बंद नाही. आठवड्यातून दोनदा, एकेक वाटी, पण बाराही महिने तेवढीच. श्रावण पाळायचा असेल तर पाळा, मात्र सुरू झाल्यावर आठवड्यात एक आयएनआर आणि संपल्यावर आठवड्यात एक. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की आधी ही वही पुढे करायची. अँटिबायोटिक लागलंच तर तीन-चार दिवसांत आयएनआर आणि कोर्स संपल्यावर आठवड्याने पुन्हा. डोस बदलला की दुसऱ्या दिवशी धावत यायचं नाही. रक्तातले जुने घटक संपायला दोन-तीन दिवस लागतात, इतक्या लवकरचा आकडा फसवतो.

एक सवय मीही लावून घेतली. वॉरफरिनचा पेशंट खुर्चीत बसला की सुई हातात घ्यायच्या आधी दोन प्रश्न: महिन्याभरात नवी गोळी कुठली? जेवणात काय बदललं? उत्तर रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत टाइप करते. एका डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "हे तुमचं काम आहे का?" मी म्हटलं, नाही. टाइप करणं चालू आहे.

परवा मावशी आल्या होत्या. पिवळ्या वहीत नातीने रेघा मारून नवा रकाना आखलाय, वर लिहिलंय "भाजी". खाली वळणदार अक्षरात: सोमवार मेथी, गुरुवार मेथी. एका गुरुवारी मेथी खोडून "पालक". आयएनआर २.९ आला. कापूस मी तीन मिनिटं दाबला, उचलला, कोरडा होता.