गोल केलेला चारचा आकडा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. कापूस वेचणीच्या हंगामात, अंधार पडल्यावर, जवळच्या खेड्यातला एक तरुण शेतकरी आला आणि म्हणाला, ‘‘भाऊ, मायचं तोंड आलं हाये, लावाले काही द्या. भाकर बी खाल्ली जात नाही तिच्यानं.’’ तोंड येणे ही रोजची तक्रार आहे आणि त्यासाठीचे मलम कोणीही चिठ्ठीशिवाय नेतो. तरी मी साठीच्या पुढच्या माणसाची दुसरी कोणती औषधे चालू आहेत हे विचारतो, म्हणून त्याने खिशातून नागपूरच्या डॉक्टरांची घडी पडलेली चिठ्ठी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या गोळ्या काढून काउंटरवर ठेवल्या. औषधे नऊ दिवसांपूर्वी दुसऱ्या एका दुकानातून घेतलेली होती.

चिठ्ठीवर तीनच ओळी होत्या. पहिली मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची, पुढे ‘बीडी पीसी’, म्हणजे दिवसातून दोनदा जेवणानंतर. ही अक्षरे मला न बघताही वाचता येतात, परंतु पाकिटावर काही लिहिण्यापूर्वी मी माणसाला जेवणाच्या वेळा विचारतो. वेचणीला जाणारी बाई सकाळी चहा घेऊन निघते, दुपारी धुऱ्यावर बसून शिदोरी सोडते आणि रात्री पुन्हा जेवते. ‘सकाळ-संध्याकाळ’ एवढेच सांगितले तर ती पहिली गोळी चहावर घेईल आणि मळमळते म्हणून चार दिवसांत सोडून देईल. तिच्या पाकिटावर ‘दुपारच्या शिदोरीनंतर एक, रात्रीच्या जेवणानंतर एक’ असेच लिहावे लागते.

दुसरी ओळ मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅमची होती. त्यापुढे एक गोल, त्याला लागून एक ओढलेले अक्षर, मग चार भागिले बावन्न आणि शेवटी वर्तुळात चारचा आकडा. ते ओढलेले अक्षर ‘डी’ धरले तर ‘ओडी’ होते, म्हणजे रोज एकदा. ‘डब्ल्यू’ धरले तर ‘ओडब्ल्यू’, म्हणजे आठवड्यातून एकदा. मेथोट्रेक्सेट हे कर्करोगावरचे जुने औषध आहे आणि सांधेवातासाठी ते फार कमी मात्रेत, आठवड्यातून एकदाच देतात. सांधेवाताच्या रुग्णाला ते रोज देण्याची पद्धतच नाही, एवढे औषधशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असते.

पण समजा एखाद्याला ते ठाऊक नाही. तरीही ही चिठ्ठी स्वतःच उत्तर देत होती, आणि मला सर्वांत जास्त त्रास याच गोष्टीचा होतो. बावन्नने भागलेला आकडा म्हणजे आठवडे. सातने भागला तर दिवस आणि बाराने भागला तर महिने. म्हणजे औषध चार आठवड्यांचे होते. वर्तुळातला आकडा हा द्यायच्या एकूण गोळ्यांचा. चार आठवडे रोज एक गोळी घ्यायची तर अठ्ठावीस गोळ्या लागतील; चारच लिहिल्या आहेत म्हणजे आठवड्याला एक. तिसरी ओळ फॉलिक अ‍ॅसिडची होती आणि ती बरीच सुवाच्य होती: पाच मिलिग्रॅम, रोज एक, रविवार सोडून. फॉलिक अ‍ॅसिड मेथोट्रेक्सेटच्या दिवशी वगळण्याची पद्धत आहे. रविवार का वगळला असे कोणी विचारले असते, तर दुसऱ्या ओळीतला न लिहिलेला वारही तिथेच सापडला असता.

मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप दहा गोळ्यांची होती आणि तिच्या पाठीवर निळ्या पेनाने ‘सकाळी १’ लिहिलेले होते. मी रिकामे फुगे मोजले. सात गोळ्या संपल्या होत्या.

‘‘मायनं ह्या रोज घेतल्या का?’’

‘‘हो नं भाऊ. दुकानवाल्यानं लिहूनच देल्लं होतं. दोन दिवस गिळवलं नाही म्हणून घेतल्या नाहीत.’’

मलम द्यायचे मी तिथेच थांबवले. शरीरात नव्या पेशी तयार व्हायला फोलेट हे जीवनसत्त्व लागते आणि मेथोट्रेक्सेट त्याचाच मार्ग अडवते. म्हणून ज्या पेशी सतत नव्या होतात, त्यांना झळ आधी बसते: तोंडाचे व आतड्याचे अस्तर, आणि हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशी. तोंडातली जखम दिसते, मगजातली दिसत नाही. त्यामुळे हे औषध घेणाऱ्याचे तोंड आले, ताप आला, घसा दुखू लागला किंवा अंगावर निळे डाग उठले, तर ते रक्तपेशी कमी पडत असल्याचे लक्षण मानून तपासणी करावी लागते. म्हातारपणी मूत्रपिंड मंदावलेले असते आणि औषध बाहेर पडायचा मुख्य मार्ग तोच, म्हणून अशा वयात चूक लवकर महागात पडते.

चिठ्ठीच्या माथ्यावरच्या क्रमांकावर मी फोन लावला. डॉक्टर स्वतः बोलले. मी औषध, मात्रा, संपलेल्या गोळ्या आणि लक्षण या क्रमाने सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, ‘‘मी आठवड्यातून एकदा लिहिले आहे. औषध बंद करा, रक्त तपासा आणि त्यांना आजच पाठवा.’’ गावातल्या प्रयोगशाळेने तासाभरात अहवाल दिला. पांढऱ्या पेशी एक हजार नऊशे होत्या. चार हजारांच्या खाली त्या कमी समजतात. त्याच रात्री मुलगा तिला गाडी करून नागपूरला घेऊन गेला.

तिथे तिला ल्युकोव्होरिन दिले. नेहमीची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण तिला कामाचे रूप देणारे विकरच मेथोट्रेक्सेटने बंद पाडलेले असते. ल्युकोव्होरिन हे फोलेटचे पुढच्या टप्प्यावरचे रूप असल्याने त्या अडथळ्याच्या पलीकडे पोहोचते. पेशी वाढायला आठवडा लागला. बाई घरी परत आल्या.

मी त्या दुसऱ्या दुकानाच्या मालकाला भेटलो. औषधे त्यांनी नव्हे, काउंटरवरच्या मुलाने दिली होती; परवान्यावर ज्या फार्मासिस्टचे नाव आहे, तो त्या वेळी दुकानात नव्हता. आमच्या भागात हे सर्रास चालते आणि सगळ्यांना माहीत असते. मालकांनी चिठ्ठीचा फोटो मोठा करून दाखवला आणि म्हणाले, ‘‘हा डीच आहे, तुम्हीच सांगा.’’ अक्षर खरोखरच डीसारखे दिसते. मी चारच्या आकड्यावर बोट ठेवले, तर त्यांचे उत्तर होते की स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या तर उरलेल्या सहा कोण घेणार? त्यावर मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख उरलेल्या भागावर राहील अशी स्ट्रिप कापता येते, आणि मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत ती कापलीच पाहिजे, कारण घरात जास्तीची गोळी असणे हाच धोका आहे.

डॉक्टरांनाही मी मोकळे सोडत नाही. औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे असा वैद्यकीय परिषदेचा नियम २०१६ पासून आहे. या चिठ्ठीवर नाव सुवाच्यच होते, चुकले ते वेळापत्रक. ‘आठवड्यातून एकदा, रविवारी’ हे शब्द लिहायला फार तर पाच सेकंद जास्त लागले असते. वार निवडतानाही सोमवार टाळावा, कारण इंग्रजीत त्याचे आणि सकाळचे आखूड रूप घाईत सारखेच दिसते.

मी हे त्यांना फोनवर सांगितले आणि त्यांनी ते ऐकून घेतले. गेल्या आठवड्यात त्यांची दुसऱ्या एका रुग्णाची चिठ्ठी माझ्याकडे आली. तिच्यावर वार शब्दांत लिहिलेला होता, पण त्याच्या आधी तेच गोल आणि तेच ओढलेले अक्षर होते. मी चार गोळ्या कापून दिल्या, पाकिटावर ‘फक्त रविवारी एक’ असे लिहिले आणि तरीही पुन्हा फोन केला.