मॉनिटरवर ९४, रक्तात ८७

रात्रपाळी होती. न्यूमोनियाचा रुग्ण, वय पन्नाशीच्या आसपास, वर्ण बराच काळा. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवरून मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ९४ टक्के, म्हणून ऑक्सिजन वाढवायची गरज कुणाला वाटली नव्हती. सिस्टर मात्र दुसऱ्यांदा म्हणाल्या, "डॉक्टर, यांचा श्वास बघा जरा." मिनिटाला ३२ श्वास, आणि एक वाक्य बोलताना तीनदा थांबणं.

आधी नेहमीच्या शंका फेडल्या. बोटं गरम होती, नखांना नेलपॉलिश नव्हतं, मॉनिटरवर नाडीच्या लहरी स्वच्छ उमटत होत्या. प्रोब बदलून दुसऱ्या हाताला लावला, तर ९३. मग मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. रक्ताचा नमुनाच तपासणाऱ्या को-ऑक्सिमीटरने सॅच्युरेशन दाखवलं ८७ टक्के. कार्बन मोनॉक्साइडमुळे बोटाचा ऑक्सिमीटर फसतो, पण त्याचं प्रमाण नगण्य होतं. नमुना चुकून शिरेतला आला म्हणावं, तर रक्तवायूंचे बाकीचे आकडे धमनीचेच होते. ऑक्सिजन लगेच वाढवला.

पल्स ऑक्सिमीटर हे यंत्र रक्तातला ऑक्सिजन थेट मोजत नाही. ते बोटातून ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त प्रकाश सोडतं आणि नाडीच्या ठोक्यागणिक दोन्ही किती कमीजास्त होतात, त्याचं गुणोत्तर काढतं. त्वचा काही ठोक्याबरोबर बदलत नाही, त्यामुळे त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनचा परिणाम गणितातून आपोआप वजा होतो, असं आम्ही शिकलो होतो. कागदावर ते पटतंही. पण एलईडीचा प्रकाश नेमक्या एकाच तरंगलांबीचा नसतो, थोडा पसरलेला असतो. मेलॅनिन त्यातला आखूड लांबीचा भाग जास्त गिळतं, म्हणजे रक्तापर्यंत पोचणारा लाल प्रकाश मुळात सोडला तसा राहत नाही आणि गुणोत्तर चुकतं.

शिवाय त्या गुणोत्तरावरून टक्के ठरवणारा तक्ता येतो निरोगी स्वयंसेवकांकडून. त्यांना मुद्दाम कमी ऑक्सिजनची हवा देऊन यंत्राचा आकडा धमनीच्या रक्ताशी ताडतात. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान दहा माणसं पुरत आणि गडद त्वचेची त्यांत दोन असली तरी चाले. दहांची सरासरी उत्तम आली, तर त्या दोघांची चूक तिच्यात विरून जाते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात ८८ पेक्षा कमी सॅच्युरेशन असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के निघालं, गोऱ्यांमध्ये ३.६. मी तो वाचला होता. तरी त्या रात्री ९४ बघून निवांत होतोच.

सिस्टरांनी विचारलं, "मग आता दरवेळी सात वजा करायचे का?" सोपं झालं असतं! सकाळी मॉनिटरवर ९७ होतं, रक्तात ९५. फरक फक्त दोनचा. ऑक्सिजन जितका खाली, तितकी ही चूक वाढण्याकडे कल असतो. नेमकी गरज असते तेव्हाच. केसपेपरवर मी दोन्ही जोड्या वेळेसकट लिहिल्या आणि खाली नोंद केली: श्वास २५ च्या वर गेला, तर मॉनिटर काहीही म्हणो, धमनीचं रक्त तपासा.