आभाराच्या भाषणात अडलेलं एक वाक्य : माझा अनुभव

आमच्या वस्तीच्या उत्सवाचा व्हिडिओ चौदा स्वयंसेवकांनी मिळून केला. तो दाखवून झाल्यावर त्यांचे आभार मानायचं काम आयोजक म्हणून माझ्याकडे होतं. भाषण चार मिनिटांचं ठरलं. कागदावर ते साधारण साडेचारशे शब्द होतात. माणशी वीस-पंचवीस शब्द धरले की सुरुवातीला आणि शेवटाला शंभरेक उरतात. हा हिशोब जमायला अर्धा तास लागला. अडलं ते पुढे, आणि त्याला कारण आमचाच फॉर्म.

‘आपण कोणतं काम केलं?’ एवढा एकच प्रश्न आम्ही सगळ्यांना पाठवला होता. आठ दिवस वाट पाहून नऊ उत्तरं आली. पाच जणांनी ‘शूटिंग’ लिहिलं, तिघांनी ‘मदत केली’. अशा उत्तरांवर भाषण उभं राहत नाही. ‘शूटिंग करणाऱ्या सर्वांचे आभार’ म्हटलं की पाच माणसं एका वाक्यात विरघळून जातात आणि आपलं नेमकं काय कामी आलं, हे त्यांतल्या एकालाही कळत नाही. या फॉर्मचा राग मला अजून आहे. प्रश्न असे हवे होते : तुम्ही कुठे उभे होता, किती वेळ, आणि तुमचं कुठलं काम पडद्यावर दिसणार नाही? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

नववं उत्तर एडिटिंग करणाऱ्या ताईंचं होतं : ‘आवाज जुळवला.’ दोनच शब्द. मी भाषणात ‘आवाज उत्तम जुळवल्याबद्दल आभार’ असं लिहिलं. वाचलं की पोकळ वाटायचं, खोडायचो, पुन्हा तेच लिहायचो. शेवटी त्यांच्याकडे जाऊन कॉम्प्युटरसमोर बसलो आणि म्हटलं, काय जुळवलंत ते दाखवा.

शेवटचा कार्यक्रम नाचाचा, चाळीस मिनिटांचा होता. चित्र मोबाईलवर घेतलेलं, आवाज स्टेजजवळ ठेवलेल्या वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला कोणीतरी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली होती. चित्रात तळवे भिडतात ती फ्रेम शोधायची, आवाजाच्या पट्टीवर टाळीचा टोकदार उंचवटा शोधायचा आणि दोन्ही एकाखाली एक आणायचे. पहिली पाच मिनिटं चोख जुळली. शेवटी मात्र चित्र आवाजाच्या आठ सेकंद पुढे निघून गेलेलं.

“मग आवाज आठ सेकंद सरकवायचा ना?” मी विचारलं.

“अहो, सरकवला तर शेवट जुळेल आणि सुरुवात बिघडेल,” ताई म्हणाल्या.

फरक सुरुवातीला आणि शेवटी सारखाच असेल, तर सरकवून काम भागतं. तो वाढत जात असेल, तर दोन यंत्रांचं काळ मोजणंच वेगळं आहे. इथे दोष मोबाईलच्या फाईलमध्ये होता. सेटिंग सेकंदाला तीस फ्रेमचं होतं, पण उजेड कमी झाला की बरेच मोबाईल आपणहून फ्रेम कमी घेतात, कारण प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळावा लागतो. इथे सरासरी २९.९ पडली. चाळीस मिनिटं म्हणजे २,४०० सेकंद. तेवढ्या वेळात ७२,००० ऐवजी ७१,७६० फ्रेम आल्या. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने त्या तीसच्या हिशोबाने लावल्या, म्हणून चित्र २,३९२ सेकंदांत संपलं. आठ सेकंद गेले ते इथे. अशा फाईलमध्ये फरक एकसारखा वाढतही नाही. अंधाऱ्या भागात भराभर वाढतो, उजेडात थांबतो. म्हणून चित्राचा वेग सरसकट कमी करूनही भागत नाही.

ताईंनी एडिटिंग थांबवून मूळ फाईल HandBrake या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, Framerate ३० ठेवून Constant Framerate निवडलं आणि नवी फाईल बनवली. जिथे फ्रेम कमी होती, तिथे आधीचीच फ्रेम पुन्हा येते आणि काळ भरून निघतो. तोपर्यंत केलेले सगळे कट मात्र नव्या फाईलवर पुन्हा करावे लागले. म्हणून हे रूपांतर पहिला कट मारण्याआधीच करायचं असतं.

एवढं करूनही शेवटी सेकंदाचा दहावा भाग उरला. रेकॉर्डरचं आणि मोबाईलचं घड्याळ कधीच तंतोतंत सारखं चालत नाही. दहावा भाग म्हणजे तीन फ्रेम. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ठोका आधी ऐकू यायचा आणि काठी ड्रमवर नंतर पडायची. आवाज चित्राआधी आला की डोळ्याला लगेच खुपतं. ताईंनी रेकॉर्डरची पट्टी दोन गाण्यांमधल्या शांत जागी पाच ठिकाणी कापली आणि एकेक तुकडा केसभर हलवला. मी पडद्याला नाक लावून पाहत होतो : काठी चामड्याला टेकते ती फ्रेम, आणि बरोबर तिच्याखाली उंचवटा.

घरी येऊन वाक्य एका दमात लिहिलं : “आता पाहिलेल्या शेवटच्या नाचात काठी पडते त्याच क्षणी ठोका ऐकू आला. तो आपोआप आला नव्हता. या ताईंनी आधीचे सगळे कट सोडून दिले, पहिल्यापासून पुन्हा केले आणि पाच ठिकाणी आवाज हाताने बसवला.” फ्रेमचे आकडे भाषणात घेतले नाहीत. लोकांनी नुकतं जे पाहिलंय, त्यालाच बोट लावायचं. म्हणूनच भाषण व्हिडिओनंतर ठेवा. आधी ठेवलं तर ‘शेवटचा नाच’ कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

बाकीच्यांची कामं फॉर्ममधून नाही, मेमरी कार्डांच्या वहीतून मिळाली. कुठलं कार्ड कुणाच्या कॅमेऱ्यात होतं, किती वाजता बदललं, कुठे कॉपी झालं, हे एकाने ओळीने लिहून ठेवलं होतं. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी होऊन उघडून पाहिल्याशिवाय तो कार्ड पुसू देत नव्हता. पडद्यावर त्याचं काहीच नाही. त्याचं नाव मी ताईंच्या लगेच आधी घेतलं, कारण मूळ फाईल शाबूत नसती तर पुन्हा रूपांतर कशाचं करणार?

एक राहिलंच. दोघांचं चित्रण अंतिम व्हिडिओत आलंच नाही. ही नावं भाषणात हमखास गळतात, कारण आपण व्हिडिओ पाहत यादी करतो. त्यांच्यासाठी लिहिलं : “मागच्या बाजूचा कॅमेरा या दोघांनी तीन तास सांभाळला. पुढचा बंद पडला असता, तर आज त्यांचंच चित्रण दिसलं असतं.” दिलगिरीचा सूर लावला नाही. त्यांनी केलं ते राखीव कॅमेऱ्याचं काम, आणि ते पूर्ण केलं.

नावांचे उच्चार आदल्या दिवशी ज्याला त्याला विचारून घ्या आणि कागदावर ऐकू येतील तसे लिहा. टाळ्या शेवटी एकदाच, हे सुरुवातीलाच सांगा. चौदा वेळा टाळ्या म्हणजे दीड-दोन मिनिटं सहज जातात आणि शेवटच्या नावांना घाई होते. श्रेयनामावलीतली यादी आणि भाषणातली यादी शेजारी ठेवून एकेका नावावर खूण करा. आमच्याकडे श्रेयनामावलीत तेराच नावं निघाली. सुटलेलं नाव वही ठेवणाऱ्याचंच होतं. ताईंनी ते घालून व्हिडिओ त्याच रात्री पुन्हा एक्स्पोर्ट केला.