तुम्ही विचारलंत म्हणून: आठ टक्के कशावर?

"आम्ही मागच्या वर्षीच्या आकड्यावर आठ टक्के चढवतो आणि बजेट होतं. झिरो-बेस्ड बजेटिंग म्हणजे आता प्रत्येक पेन्सिलीचा हिशेब द्यायचा का?"

नाही, पेन्सिलीचा हिशेब कुणी मागत नाही. झिरो-बेस्डमध्ये मागचा आकडा पाया धरत नाहीत, बजेट शून्यापासून मांडतात, एवढंच. मागतात तो कामाचा. हे काम आपण का करतो, कमीत कमी किती करून भागेल, आणि त्याहून जास्त केलं तर त्या जादा पैशात नेमकं काय मिळेल, एवढी तीन उत्तरं विभागप्रमुखाने लिहायची असतात. पेन्सिली त्या कामाच्या पोटात येतात.

ही पद्धत मांडली पीटर पिहर यांनी. ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होते आणि 1970 मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला. त्यांच्या मांडणीत प्रत्येक कामाचा एक कागद होतो, त्याला डिसिजन पॅकेज म्हणतात. एकाच कामाचे असे दोन-तीन कागद होतात, कारण काम पायऱ्यांनी मांडायचं असतं. पहिली पायरी किमान कामाची, तिच्यावर एकेक वाढीव पायरी. मग सगळ्या विभागांच्या सगळ्या पायऱ्या एका क्रमाने लावतात आणि पैसे जिथे संपतात तिथे रेघ मारतात.

हे ऐकून तुम्ही मान डोलवाल आणि परत जाऊन आठ टक्केच चढवाल, हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून देखभाल विभागाच्या एका प्रमुखांबरोबर मी बसलो होतो तेव्हा काय झालं, ते सांगतो. त्यांचं मागच्या वर्षीचं बजेट आपण 100 धरू. त्यांची मागणी होती 108. मी त्यांना त्या आठबद्दल काहीच विचारलं नाही, 100 मध्ये काय आहे ते विचारलं. बाहेरच्या कंपनीशी केलेल्या देखभालीच्या वार्षिक कराराचे 40, सुट्या भागांचे 25, ओव्हरटाइमचे 15, रात्री फोन आला की येणाऱ्या तंत्रज्ञांचे 12 आणि प्रशिक्षणाचे 8.

करार 40 यंत्रांचा होता. आम्ही यादी घेऊन शॉपफ्लोअरवर गेलो आणि यंत्रं मोजली. 31 भरली. बाकीची नऊ गेल्या काही वर्षांत काढून टाकलेली होती. कराराचं बिल एकरकमी यायचं, दरवर्षी थोडं वाढवून मंजूर व्हायचं, त्यामुळे आतली यादी कुणी उघडलीच नव्हती. जागेवर नसलेल्या यंत्रांच्या देखभालीवरही आठ टक्के वाढ चढत होती. ओव्हरटाइमची कथा वेगळी. एका वर्षी एक कॉम्प्रेसर सारखा बंद पडत होता म्हणून तो आकडा वाढवला होता. कॉम्प्रेसर बदलला, आकडा तसाच राहिला. प्रत्यक्ष ओव्हरटाइम पाचच्या वर जात नव्हता. उरलेले दहा वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत घाईघाईने कशावर तरी खर्च व्हायचे, कारण उरवले तर पुढच्या वर्षी कापले जातील ही भीती. त्या प्रमुखांना मी दोष दिला नाही, अजूनही देत नाही. टक्केवारीच्या पद्धतीत जो काटकसर करतो त्याचाच पाया लहान होतो, आणि सरसकट दहा टक्के कपात आली की आधीच नेटकं चालवणाऱ्यालाच ती हाडाला लागते.

मग पायऱ्या लिहायला घेतल्या, आणि खरी अडचण इथे आली. किमान पायरी म्हणून त्यांनी 95 लिहून आणले. बहुतेक जण हेच करतात. तुमच्याकडे प्रत्येक विभागाची किमान पायरी मागच्या वर्षीच्या आकड्यापेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी कमी आली, तर खुशाल समजा की जुनी टक्केवारीच नवे कपडे घालून आली आहे. दुसरी युक्ती अशी की सगळ्यांना हवी असलेली गोष्ट मुद्दाम वरच्या पायरीवर ठेवायची, म्हणजे ती कापायची कुणाची छाती होणार नाही. दोन्हींवर मी एकच प्रश्न विचारतो: एवढेच पैसे मिळाले, तर कोणतं काम बंद पडेल आणि ते कुणाला, किती दिवसांत जाणवेल?

या प्रश्नाला त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग जे आणलं ते मला फार आवडलं. 31 पैकी सहा यंत्रांची तपासणी कायद्याने सक्तीची होती. आणखी 12 अशी की त्यातलं एक थांबलं तर पूर्ण लाइन थांबते. करार फक्त या 18 यंत्रांचा ठेवला तर 18. काढलेल्या यंत्रांचे सुटे भाग वगळून 20. ओव्हरटाइम 4, प्रशिक्षण 4. किमान पायरी 46. त्यात काय मिळणार नाही तेही लिहिलं होतं: रात्री बिघाड झाला तर दुरुस्ती सकाळी.

दुसरी पायरी रात्रीच्या तंत्रज्ञांची, 12. तिसरी त्यांनी नवीनच आणली: यंत्रांची थरथर मोजून बिघाड आधी ओळखणारं उपकरण आणि ते वापरायचं शिक्षण, मिळून 9. ही मागणी त्यांच्या मनात कित्येक वर्षं होती, पण आठ टक्क्यांत ती कधी बसलीच नव्हती. उरलेल्या 13 साध्या यंत्रांचा करार, 13, त्यांनी चौथ्या पायरीवर ठेवला. रेघ तिसऱ्या पायरीनंतर पडली. 46, 12 आणि 9 मिळून 67.

आकडा खाली आला म्हणून या पद्धतीला कपातीचं हत्यार समजू नका. त्याच वर्षी दुसऱ्या एका विभागाची किमान पायरीच मागच्या आकड्यापेक्षा जास्त निघाली. काम दुप्पट झालं होतं आणि टक्केवारी त्याच्यामागे धापा टाकत होती. त्यांना वाढवून दिले.

मर्यादाही आहेत. अमेरिकेत जिमी कार्टर जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर असताना त्यांनी ही पद्धत राज्यात आणली, तेव्हा पॅकेजेसची संख्या 10,000च्या आसपास गेली. एवढे कागद एक माणूस वाचू शकत नाही, आणि न वाचलेल्या कागदांना क्रम लावणार कसा? राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी ती केंद्र सरकारातही आणली, आणि 1981 मध्ये पुढच्या सरकारने ती बंद केली. म्हणून मी दरवर्षी फक्त एक तृतीयांश विभाग शून्यापासून मांडायला घेतो. तीन वर्षांत सगळ्यांची पाळी येते. मधल्या वर्षांत यंत्रं किती, माणसं किती, तक्रारी किती एवढंच बदलून आकडा पुढे नेतो. आणि जो खर्च उत्पादनाच्या प्रमाणातच होतो, कच्च्या मालासारखा, त्याला ही पद्धत लावतच नाही. तिथे नग आणि दर यांचा गुणाकार पुरतो.

देखभाल विभागाच्या त्या 13 यंत्रांपैकी दोन त्या वर्षी बंद पडली. एक त्यांच्याच माणसांनी दुपारपर्यंत सुरू केलं. दुसऱ्याला बाहेरून माणूस यायला चार दिवस लागले. बैठकीत आवाज चढले, तेव्हा त्या प्रमुखांनी चौथ्या पायरीचा कागद काढून समोर ठेवला. "पाच दिवसांपर्यंत थांबावं लागेल" असं त्यात आधीच लिहिलेलं होतं आणि खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी तेवढं एकच यंत्र करारात घेतलं. बजेट एकने वाढलं.